शेवटच्या वर्षाच्या ग्रुपवर इंटर्नशिपची सूचना टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या आपल्या मराठी विद्यार्थी ग्रुपवर कलाभवनातली इंजिनीअरिंगची मुलं आहेत, पॉलिटेक्निकची आहेत, वाघोडियाकडच्या खासगी विद्यापीठांतली आहेत, एमएसयूच्या सायन्स आणि कॉमर्सचीही आहेत. मकरपुरा, नंदेसरी, सावली, हालोलच्या कंपन्यांत काम करणारे काका-मावश्या आणि जुने विद्यार्थी इंटर्नशिपच्या जागा कळवतात आणि ग्रुप सांभाळणारी मुलं-मुली त्या सगळ्यांपर्यंत पोहोचवतात. हे प्रश्न त्या सूचना लिहिणाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत.

कंपनीतून आलेला मेसेज तसाच फॉरवर्ड केला तर काय बिघडतं?

कंपनीतला माणूस आपल्या गरजेपुरतं लिहितो. विद्यार्थ्याला ठरवायला जे लागतं ते त्यात बहुतेक वेळा नसतं. मग ग्रुपवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात: "डिप्लोमा चालेल का?", "एटीकेटी असली तर?", "पैसे देतात का?" उत्तरं मध्येच कुठेतरी दिली जातात, खाली सरकतात, आणि दुपारी लॅबमध्ये असलेली मुलगी संध्याकाळी ग्रुप उघडते तेव्हा तिला फक्त मूळ मेसेज आणि त्याखालची गर्दी दिसते. ती गप्प बसते आणि अर्ज करत नाही. जिला जागा सगळ्यात जास्त उपयोगी पडली असती तीच अशी सुटते, म्हणून मी या प्रश्नावर हट्टी आहे. आधी विचारा, मग लिहा, मग टाका.

काकांना किंवा कंपनीला नेमकं काय विचारायचं?

एक उदाहरण घेऊ. समजा मकरपुरा जीआयडीसीतल्या ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करणाऱ्या काकांनी असं कळवलं: "आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या मुलांना इंटर्नशिप आहे. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल चालेल. स्टायपेंड नियमानुसार. लवकर सीव्ही पाठवा."

हे वाचून कुणालाही काहीही ठरवता येत नाही. काकांना फोन करा, मेसेज नको, कारण फोनवर एका उत्तरातून दुसरा प्रश्न सुचतो. पहिला प्रश्न कामाचा: मुलं तिथे करणार काय? काका म्हणतील, टेस्टिंगला मदत. मग विचारा, म्हणजे कुठल्या टेस्ट? उत्तर मिळेल की रेशो टेस्ट, वाइंडिंग रेझिस्टन्स आणि मेगरचं रीडिंग इंजिनीअरबरोबर घ्यायचं, टेस्ट रिपोर्ट भरायचे, आणि हाय व्होल्टेजच्या भागात मुलांना एकट्याने जाता येणार नाही. आता हे इलेक्ट्रिकलचं काम झालं. मग मेकॅनिकल कशाला? टाकीच्या फॅब्रिकेशनला एक हवा आहे. म्हणजे चार जागांपैकी तीन इलेक्ट्रिकल आणि एक मेकॅनिकल. हा तपशील मूळ मेसेजमध्ये कुठेच नव्हता आणि तो कळला नसता तर मेकॅनिकलच्या मुलांनी चार जागा समजून अर्ज भरले असते.

दुसरा प्रश्न वेळेचा. पूर्णवेळ की आठवड्यातले काही दिवस? हे फार महत्त्वाचं, कारण सातव्या सेमला लेक्चरं असतात आणि सोमवार ते शनिवार नऊ ते साडेपाच कुणालाच जमणार नाही. काका म्हणाले, जानेवारीपासून पूर्णवेळ. म्हणजे आठव्या सेमची मुलं, आणि तीही ज्यांच्या कॉलेजात आठव्या सेमला बाहेर इंटर्नशिप करू देतात ती.

तिसरा पैशांचा. "नियमानुसार" म्हणजे किती, कधी, कशात? इथे उत्तर आलं: महिन्याला 6,000 रुपये, महिनाअखेरीस बँकेत, कॅन्टीनमध्ये दुपारचं जेवण. कंपनीची बस नाही. सेफ्टी शूज स्वतःचे. शेवटच्या दोन गोष्टी काका आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना त्या रोजच्याच वाटतात. तरसालीच्या मुलीला बस नसली तरी चालेल, पण छाणीहून रोज मकरपुऱ्याला यायचं म्हणजे सगळं शहर ओलांडायचं, तिला ते आधी कळलं पाहिजे.

आणि एक प्रश्न कागदपत्रांचा: कॉलेजची एनओसी लागेल का, अपघात विमा लागेल का? नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांना कळवताना विम्याचं तर न विसरता विचारा. बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत.

मग तयार सूचना दिसते कशी?

वरच्या फोननंतर ती अशी लिहिता येईल:

> *इंटर्नशिप: ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग, मकरपुरा जीआयडीसी*
> *अर्जाची शेवटची वेळ: शुक्रवार, 4 डिसेंबर 2026, संध्याकाळी 6*
> कुणासाठी: बी.ई./बी.टेक., जानेवारीत आठव्या सेमला असणारे. इलेक्ट्रिकल 3 जागा, मेकॅनिकल 1 जागा. एटीकेटी चालेल. डिप्लोमा या वेळी नाही.
> फॉर्म: (लिंक)
>
> काम: इंजिनीअरबरोबर रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स, मेगर रीडिंग घेणे आणि रिपोर्ट भरणे. मेकॅनिकलसाठी टाकीचं फॅब्रिकेशन.
> काळ: 4 जानेवारी ते 24 एप्रिल 2027, सोमवार ते शनिवार, 9 ते 5:30.
> स्टायपेंड: महिना 6,000 रुपये, बँकेत. दुपारचं जेवण कॅन्टीनमध्ये. बस नाही. सेफ्टी शूज स्वतःचे.
> कागद: निवड झाल्यावर कॉलेजची एनओसी लागेल.
> मुलाखत: शनिवार, 12 डिसेंबर, कारखान्यात.
> शंका असल्यास ग्रुपवर नको, ही सूचना टाकणाऱ्याला थेट विचारा. उत्तरं फॉर्मच्या वरच्या माहितीत भरत जाऊ.

क्रम मुद्दाम असा आहे. व्हॉट्सॲपवर लांब मेसेज दुमडला जातो आणि खाली "पुढे वाचा" येतं. बहुतेक जण ते दाबत नाहीत. म्हणून कुठे, कधीपर्यंत, कुणासाठी आणि लिंक या चार गोष्टी दुमडण्याच्या वर आल्याच पाहिजेत. "नमस्कार मित्रांनो, आनंदाची बातमी आहे" अशी सुरुवात केली तर तीच जागा वाया जाते. आधी आणि नंतर एक चांदणी टाकली की ओळ ठळक होते, पण दोनच ओळी ठळक करा. सगळंच ठळक केलं तर नजर कुठेच थांबत नाही.

कंपनीचं नाव मी इथल्या नमुन्यात टाकलेलं नाही, पण खऱ्या सूचनेत ते पूर्ण लिहा. नाव लपवलेल्या सूचनेवर विद्यार्थ्याने विश्वास का ठेवावा?

"शेवटचं वर्ष" एवढं लिहिलं तर पुरत नाही का?

आपल्या ग्रुपवर नाही पुरत. इंजिनीअरिंगवाल्याला शेवटचं वर्ष म्हणजे सातवं-आठवं सेम, डिप्लोमावाल्याला पाचवं-सहावं. बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या मुलांची तर नव्या धोरणापासून आणखी पंचाईत झाली आहे: तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याचं शेवटचं वर्ष तिसरं, ऑनर्स करणाऱ्याचं चौथं. एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाची मुलंही शेवटच्या वर्षाचीच असतात. शिवाय सूचना नोव्हेंबरमध्ये येते आणि काम जानेवारीत सुरू होतं, मग सेम आत्ताचं धरायचं की तेव्हाचं? म्हणून कोर्सचं नाव आणि काम सुरू होईल तेव्हाचं सेम, असं दोन्ही लिहा.

गुणांची अट असेल तर ती कंपनीने सांगितली त्याच शब्दांत द्या. 60 टक्के म्हटलं असेल तर टक्केच लिहा, आपण हिशेब करून सीजीपीए काढू नका. सीजीपीएचे टक्के करण्याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं आणि आपल्या हिशेबामुळे कुणी उगाच बाहेर राहू नये.

शेवटची तारीख कंपनीची द्यायची की आपली?

आपली, आणि ती कंपनीच्या आधीची. वरच्या उदाहरणात कंपनीला यादी सोमवारी, 7 डिसेंबरला हवी होती. शुक्रवारी फॉर्म बंद केला तर शनिवार-रविवार हातात राहतो: कुणाचा सीव्ही उघडत नाही, कुणी चुकीची शाखा भरली आहे, त्यांना फोन करता येतो. ही दोन दिवसांची सवड अर्जदारांसाठी आहे, उशिरा येणाऱ्यांना मागच्या दाराने घेण्यासाठी नाही.

लिहिताना वार, तारीख, महिना आणि वेळ असं पूर्ण लिहा. "उद्यापर्यंत" आणि "येत्या शुक्रवारी" हे शब्द तर नकोच, कारण मेसेज चार दिवसांनी दुसऱ्या ग्रुपवर पोहोचतो तेव्हा तिथलं "उद्या" वेगळं असतं. "4 तारखेच्या रात्री 12" हेही टाळा. ते तिसरी संपतानाचे 12 की चौथी संपतानाचे, यावर दरवेळी वाद होतो. संध्याकाळी 6 लिहिलं की वाद नाही, आणि शेवटच्या तासात फॉर्म अडला तर मदतीला कुणीतरी जागं असतं.

बडोद्याचं पंचांगही बघून घ्या. नवरात्रीच्या नऊ रात्री शेवटची तारीख ठेवू नका, निम्मा ग्रुप गरब्याला असतो. दिवाळीत कारखाने बंद असतात, तेव्हा कंपनीकडून शंकांना उत्तर मिळत नाही. आणि उत्तरायणाच्या 14-15 जानेवारीला मुलाखत ठेवल्याचं कुणी कळवलं तर तारीख पुन्हा एकदा विचारून खात्री करा.

फॉर्म उघडत नाही अशी तक्रार येते. कारण काय असतं?

बहुतेक वेळा कारण एकच: फॉर्म बनवणाऱ्याने तो कॉलेजच्या ईमेल खात्यातून बनवलेला असतो. अशा गूगल फॉर्मवर फक्त त्याच संस्थेतल्या खात्यांना परवानगी असू शकते. बनवणाऱ्याला तो नीट दिसतो, त्याच्या वर्गातल्यांना दिसतो, आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या मुलांना "परवानगी नाही" येतं. म्हणून सूचना टाकण्याआधी लिंक स्वतःच्या खासगी जीमेलवरून मोबाइलवर उघडून बघा, आणि दुसऱ्या कॉलेजातल्या एकाला उघडून बघायला सांगा.

सीव्ही मागताना दोन वाटा आहेत. फॉर्ममध्येच फाइल जोडायची सोय ठेवली तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, तेवढं एक वाक्य वर लिहा. दुसरी वाट म्हणजे ड्राइव्हची लिंक मागणं. ती मी टाळते, कारण मुलं लिंक देतात पण ती सगळ्यांसाठी खुली करत नाहीत आणि कंपनीतल्या माणसासमोर परवानगी मागणारं पान उघडतं. तो तिथे थांबत नाही, पुढच्या अर्जाकडे जातो. फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि शाखा हवी, हेही सांगा. `Resume_final.pdf` नावाच्या वीस फाइल्स एकत्र आल्या की कुणाची कुठली ते शोधत बसावं लागतं.

फॉर्ममध्ये आधार क्रमांक मागावा का?

नाही. अर्जाला नाव, कॉलेज, शाखा, सेम, फोन, ईमेल आणि सीव्ही पुरतो. ओळखपत्र निवडीनंतर कंपनी स्वतः बघते. अर्जदारांची यादी फोन नंबरांसकट ग्रुपवर टाकणं तर कधीच नको, मुलींना त्याचा किती त्रास होतो हे सांगायला नको.

सूचनेत चूक राहिली तर?

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. पण दुरुस्ती फक्त तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजमध्ये होते. तेवढ्या वेळात कुणी तो आपल्या वर्गाच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला असेल तर तिथे जुनीच तारीख राहते आणि तिथून ती पुढे जात राहते. मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच असतात.

म्हणून दोन गोष्टी करा. बदलू शकेल असा तपशील, म्हणजे मुलाखतीची वेळ, पत्ता, शंकांची उत्तरं, फॉर्मच्या सुरुवातीच्या माहितीत ठेवा. ती कधीही बदलता येते आणि लिंक कुठेही गेली तरी उघडणाऱ्याला नवी माहिती दिसते. आणि तारीख किंवा पात्रता चुकलीच, तर 15 मिनिटांच्या आतही गुपचूप बदलू नका. नवा मेसेज टाका, पहिल्याच ओळीत "सुधारित सूचना" लिहा, काय बदललं ते एका वाक्यात सांगा आणि मग पूर्ण सूचना पुन्हा द्या. नुसतं "तारीख 4 वाचावी" असं टाकलं तर ते एकटंच पुढे जातं आणि कशाची तारीख ते कुणाला कळत नाही. जुनी पिन काढून नवी सूचना पिन करा. पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवसांसाठी लावता येते, शेवटच्या तारखेपर्यंत टिकेल अशी निवडा.

स्टायपेंड नसेल तर ते लिहायचं का? अर्ज कमी येतील.

लिहायचंच. "स्टायपेंड नाही" असं स्पष्ट दोन शब्दांत. शिकत असताना केलेल्या साध्या इंटर्नशिपला किमान किती पैसे द्यावेत याचं बंधन कंपनीवर नसतं, त्यामुळे न देणं बेकायदा नाही. पण रोजचं पेट्रोल किंवा रिक्षा आणि जेवण मुलाच्या घरून जाणार आहे आणि ते परवडतं की नाही हे त्यालाच ठरवायचं आहे. हे त्याला मुलाखतीच्या दिवशी कळलं तर आपल्या पुढच्या सूचनेवर तो विश्वास ठेवणार नाही.

अप्रेंटिसशिपची जाहिरात इंटर्नशिप म्हणून टाकली तर चालेल?

नको, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते, तिचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि किमान स्टायपेंड सरकारने ठरवलेला असतो. पदवीधर अप्रेंटिस म्हणून घेतात ते पदवी पूर्ण झालेल्यांना. आठव्या सेमच्या मुलाने तिथे अर्ज केला तर तो कागदपत्रांच्या तपासणीत अडकतो. अशी जाहिरात आलीच तर "निकाल लागल्यावर" असं शीर्षकात लिहून टाका.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचे मेसेजही फिरत असतात. 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा नियम 21 ते 24 वयोगटाचा होता आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तीत जागा नव्हती, तरी "शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी" म्हणून तो मेसेज ग्रुपांवर पसरत राहिला. तेव्हा चालू फेरीची पात्रता `pminternship.mca.gov.in` वर वाचूनच टाका.

सूचना खरी आहे की फसवणूक, हे कसं ओळखायचं?

पैसे मागितले की थांबा. नोंदणी फी, ट्रेनिंग किटची अनामत, "परत मिळणारं" डिपॉझिट, नाव काहीही असो. काम देणारी कंपनी विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाही. एखादी संस्था शुल्क घेऊन प्रशिक्षण देत असेल तर तो क्लास झाला, त्याची जाहिरात क्लास म्हणून येऊ दे, या ग्रुपवर नको.

पैशांचा उल्लेख नसला तरी ईमेलचा पत्ता बघा. मोठ्या कंपनीचं नाव आणि पत्ता साध्या जीमेलचा असेल, किंवा कंपनीच्या नावात एखादं अक्षर जास्त असेल, तर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन शोधून तिथे विचारा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही, तो नंबर त्यांचाच असतो. कंपनी नोंदलेली आहे का हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` वर नावावरून बघता येतं. मकरपुऱ्यातली लहान वर्कशॉप बऱ्याचदा भागीदारीत किंवा एकाच मालकाची असतात, ती तिथे सापडणार नाहीत आणि तरी अगदी खरी असू शकतात. अशा वेळी ओळखीच्या कुणीतरी जाऊन बघून येणं हाच उपाय, आणि मकरपुरा काही लांब नाही.

कुणी पैसे भरून बसलंच असेल तर त्याच तासात 1930 वर फोन करायला सांगा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायला लावा. घरी सांगायची लाज वाटते म्हणून मुलं दोन दिवस घालवतात आणि तोवर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

सूचना मराठीत लिहायची की इंग्रजीत?

आपल्या ग्रुपवर मराठीत. फॉर्ममधली उत्तरं मात्र इंग्रजीत मागा, कारण ती यादी कंपनीत जाते. मुलं सूचना वर्गातल्या गुजराती मित्रांना पाठवणार असतील तर त्यांनी आपल्या भाषेत नवी लिहावी, पण लिंक तीच ठेवावी.

काकांनी जागा "आपल्याच मुलांना" म्हणून सांगितली असेल तर ग्रुपवर टाकायची का?

काकांना विचारा: निवड मुलाखतीने होणार का? होणार असेल तर सगळ्या ग्रुपला सांगा. एका मुलासाठीच जागा ठेवलेली असेल तर ती सूचना म्हणून टाकू नका. काका त्या मुलाला फोन करतील, तेवढं पुरे. इतरांना अर्ज भरायला लावून त्यांच्या आशा वाढवणं योग्य नाही.

आठवण किती वेळा करायची?

दोनदा. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी. दोन्ही वेळा मूळ सूचनेला उत्तर देऊन करा, म्हणजे दाबलं की तीच उघडते.

फॉर्म बंद झाल्यावर काम संपलं का?

नाही, आणि इथेच बहुतेक ग्रुप कमी पडतात. ठरल्या वेळी फॉर्म बंद करा आणि एक ओळ टाका: "अर्ज बंद. 17 अर्ज आले, यादी सोमवारी कंपनीकडे जाईल." यादी गेल्यावर तसं कळवा. मुलाखतीला ज्यांना बोलावलं नाही त्यांना एकेकट्याला कळवा, ग्रुपवर नावं नकोत. कंपनी गप्प बसली तर आठवड्याने काकांना फोन करा आणि उत्तर मिळालं नाही तर "अजून उत्तर नाही" हेही ग्रुपवर सांगा, म्हणजे मुलं दुसरीकडे अर्ज करायला मोकळी होतात. निवड झालेल्यांना त्याच दिवशी एनओसीचा अर्ज विभागात द्यायला लावा. सहीसाठी आठवडा सहज जातो आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी त्यांना गेटवर तो कागद दाखवायचा असतो.